वडीलधाऱ्यांसाठी ई-मेलचा सोपा पत्ता

ई-मेलच्या पत्त्याचे दोन भाग असतात. मधल्या @ या चिन्हाच्या डावीकडे व्यक्तीने निवडलेले नाव असते आणि उजवीकडे ज्या सेवेने टपालपेटी दिली तिचे नाव असते. रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने 1971 मध्ये हे चिन्ह या कामासाठी निवडले, आणि ही रचना आजतागायत तशीच राहिली आहे. उजवा भाग आपल्या हाती फारसा नसतो. डावा भाग मात्र सर्वस्वी आपला असतो, आणि वृद्ध आईवडिलांसाठी पेटी उघडून देताना मुले ज्या भागाचा सर्वांत कमी विचार करतात तोही हाच. बहुधा आईचे किंवा वडिलांचे नाव व आडनाव एका दमात लिहिले जाते, ते नाव आधीच कोणीतरी घेतलेले आढळते, मग सेवेनेच सुचविलेले तीन-चार अंक शेवटी जोडले जातात आणि काम उरकते. पुढील अनेक वर्षे हा पत्ता बँकेत, निवृत्तिवेतनाच्या कार्यालयात, प्राप्तिकराच्या नोंदणीत, रुग्णालयाच्या खिडकीशी आणि दूरध्वनीवरून ज्याला उच्चारावा लागणार असतो, त्याचा सल्ला क्वचितच घेतला जातो.

तरुण माणूस आपला पत्ता सहसा बोलून दाखवीत नाही, तो टंकित करतो. वृद्ध माणसाच्या बाबतीत परिस्थिती उलट असते. त्याचा पत्ता प्रथम त्याच्या तोंडून बाहेर पडतो, मग दुसऱ्याच्या कानी जातो, दुसऱ्याच्या हाताने अर्जावर लिहिला जातो आणि तिसऱ्याच कोणाकडून तो अर्ज पाहून संगणकात भरला जातो. या चार टप्प्यांपैकी एकाही ठिकाणी एक अक्षर बदलले, तर पत्र येत नाही. त्याहूनही वाईट असे की, ते दुसऱ्याला जाते. चुकीचा पत्ता अस्तित्वातच नसेल तर निदान पत्र परत फिरते आणि पाठविणाऱ्याला चूक कळते. परंतु आपल्या देशात एका नावाची असंख्य माणसे असल्यामुळे एका अक्षराने चुकलेला पत्ता बहुधा कोणाचातरी खरा पत्ता असतो. मग बँकेचे मासिक विवरण निमूटपणे एका अनोळखी माणसाच्या पेटीत पडत राहते. बँकेच्या दृष्टीने ते ‘पाठविलेले’ असते, आणि वडिलांच्या दृष्टीने ‘आलेच नाही’ असते.

हे कसे घडते हे पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. म्हैसूर येथे राहणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांची बहुतेक नोकरी कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर या आंब्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या तालुक्यात झाली. त्यांचे नाव श्रीनिवासमूर्ती असे समजू. कन्नडमध्ये हे नाव लिहिण्यात काहीही संदिग्धता नाही, मराठीतही नाही. पण ते रोमन लिपीत उतरविताच प्रश्न उभे राहतात. पहिला अर्धा भाग Srinivas, Shrinivas, Sreenivas किंवा Shreenivas असा लिहिला जातो, आणि प्रत्येकाच्या शेवटी a जोडावा की नाही याबद्दल मतभेद असतो. म्हणजे आठ रूपे झाली. उरलेला अर्धा भाग Murthy, Murthi, Moorthy, Murty, Murti अशा किमान पाच प्रकारांनी आढळतो. आठ गुणिले पाच म्हणजे चाळीस रूपे. दोन भागांमध्ये काही नसावे, टिंब असावे की अधोरेषा असावी, हे तीन पर्याय जमेस धरले तर संख्या एकशेवीसवर जाते. यांपैकी फक्त एक रूप बरोबर आहे.

ही गोष्ट एखाद्या नावापुरती नाही. रोमन अक्षरे भारतीय भाषांसाठी घडविलेली नसल्यामुळे प्रत्येक प्रांताने आपापली सवय लावून घेतली आहे. दक्षिणेत ‘त’ हा वर्ण बहुधा th ने दाखवितात, म्हणून तेथली गीता Geetha आणि लता Latha होते. महाराष्ट्रात किंवा गुजरातेत तीच नावे h वाचून लिहिली जातात. मराठी माणूस ‘श्री’साठी Sh लिहितो, तमिळ किंवा कन्नड माणूस S वर थांबतो. बंगालमध्ये विश्वनाथचा Biswanath होतो. ‘क्ष’साठी कोठे ksh तर कोठे x असते, म्हणून लक्ष्मीचे Lakshmi आणि Laxmi दोन्ही शुद्ध मानले जातात. दीर्घ ‘ई’ कधी i, कधी ee, आणि ‘व’ कधी v, कधी w. अर्ज लिहून घेणारा कारकून नाव ऐकताच अक्षरांची वाट पाहत नाही. नाव त्याला ठाऊकच असते, त्यामुळे तो आपल्या प्रांताच्या सवयीने ते लिहून मोकळा होतो. याचा अर्थ असा की, परिचित भारतीय नाव हे पत्त्याच्या दृष्टीने अपरिचित नावापेक्षाही अधिक धोक्याचे ठरू शकते. अपरिचित नाव असेल तर निदान ‘स्पेलिंग सांगा’ अशी विनंती तरी होते.

समजा, तशी विनंती झाली आणि वडिलांनी दूरध्वनीवरून एकेक अक्षर सांगितले. येथे दुसरी अडचण येते, आणि ती यंत्राची आहे. जुन्या पद्धतीची दूरध्वनी-व्यवस्था माणसाच्या आवाजातील सुमारे 300 ते 3400 हर्ट्‌झ एवढ्याच कंपनसंख्येचा पट्टा वाहून नेते. ‘एस’ आणि ‘एफ’ या दोन उच्चारांतील फरक मुख्यतः त्या पट्ट्याच्या वर असलेल्या सीत्कारात असतो. तो कापला गेला की, कानाला दोन्ही जवळजवळ सारखीच ऐकू येतात. ‘बी, डी, पी, टी, व्ही’ यांचा शेवट एकच आहे आणि भेद सुरुवातीच्या क्षणभराच्या ध्वनीत आहे. ‘एम’ व ‘एन’ यांचीही तीच गत. भ्रमणध्वनीच्या नव्या व्यवस्थेत हा पट्टा रुंदावला आहे हे खरे, पण बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या मदत-केंद्राशी बोलताना आवाज कोणत्या मार्गाने जाईल याची खात्री नसते. त्यातच वयोमानाने येणारी बधिरता प्रथम उच्च कंपनसंख्याच हिरावून घेते. म्हणजे कारकुनाने लिहिलेला पत्ता परत वाचून दाखविला, तरी नेमकी हीच अक्षरे वृद्ध श्रोत्याला पारखता येत नाहीत. तो ‘हो, हो’ म्हणतो.

वैमानिकांनी या अडचणीवर फार पूर्वीच तोड काढली. अक्षराऐवजी त्या अक्षराने सुरू होणारा पूर्ण शब्द उच्चारायचा, आणि असे ठरावीक शब्द 1956 पासून आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीत वापरात आहेत. आपल्याकडेही ‘एम मुंबईचा, एन नागपूरचा’ असे सांगण्याची रीत आहेच, आणि ती उत्तम आहे. परंतु वीस अक्षरांच्या नावासाठी वीस गावे आठवणे सत्तरी ओलांडलेल्या माणसाला जड जाते, आणि बारावे अक्षर झाले की तेरावे याविषयी दोन्ही बाजूंना शंका पडते.

या रीतीच्या मुळाशी जे तत्त्व आहे ते मात्र थेट पत्त्यातच वापरता येते. सुटे अक्षर ऐकताना कान आधारहीन असतो. शब्द ऐकताना तो आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टीशी ताडून पाहत असतो. mango हा शब्द उच्चारला, तर m ऐवजी n ऐकू आला तरीही कोणी nango लिहिणार नाही. शब्द स्वतःची चूक स्वतःच दुरुस्त करतो. म्हणून ज्यांचे लेखन देशभर एकाच प्रकारे होते असे दोन सुपरिचित, लहान इंग्रजी शब्द जोडून पत्ता करावा, हे या लेखकाचे मत आहे. त्यात व्यक्तीचे नाव असलेच पाहिजे असे नाही. येथे अनेकांचा गैरसमज असतो. पेटी उघडताना पत्त्याहून वेगळे असे ‘दर्शनी नाव’ विचारले जाते, आणि पत्र मिळणाऱ्याला प्रामुख्याने तेच दिसते. तेथे श्रीनिवासमूर्ती हे नाव, हवे तर कन्नड लिपीतही, संपूर्ण लिहिता येते आणि पुढे केव्हाही बदलता येते. ओळख पटविण्याचे काम दर्शनी नाव करील. पत्त्याचे काम फक्त बिनचूक पोहोचविण्याचे आहे.

आता आपल्या शिक्षकांसाठी पत्ता शोधू. पहिला विचार साहजिकच गावाचा येतो. म्हैसूर चालणार नाही, कारण 1 नोव्हेंबर 2014 पासून ते अधिकृतपणे Mysuru झाले आहे आणि Mysore हे रूपही लोकांच्या बोटांत आहे. श्रीनिवासपूरमध्ये नावाचीच अडचण पुन्हा येते. कोलार बरे वाटते, परंतु नुसते kolar पाच अक्षरांचे आहे आणि जीमेलला किमान सहा अक्षरे लागतात. शिवाय हा शब्द दिल्लीतील एखाद्या नातेवाइकाला दूरध्वनीवरून सांगून पाहावा. तो colar किंवा kollar लिहिण्याचा संभव बराच आहे. कर्नाटकात जे स्वयंस्पष्ट आहे ते मदत-केंद्र ज्या शहरात असेल तेथे तसे असेलच असे नाही. गाव वगळलेले बरे. जन्मगाव असेल तर ते मुद्दाम वगळावे, कारण काही ठिकाणी ओळख पटविण्यासाठी तोच प्रश्न विचारला जातो.

वडिलांना आंब्यांची आवड आहे, तेव्हा आंबा घेऊ. mangoorchard हा जोड अर्थाने सुंदर आहे, पण त्याच्या सांध्यावर दोन o शेजारी आले आहेत. ऐकणारा त्यांतला एक हमखास गाळतो. एका शब्दाचे अंत्य अक्षर आणि दुसऱ्याचे आद्य अक्षर एकच असू नये, हा नियम कटाक्षाने पाळावा. mangoschool मध्ये दुसऱ्याच प्रकारचा घोटाळा आहे. s हे अक्षर आंब्याच्या अनेकवचनाचे की शाळेचे, याचा निर्णय लिहिणारा आपल्या मनाने करील, आणि दोन s लिहून ठेवील. mangogarden निर्दोष आहे. तो टंकित केला असता दुसऱ्या कोणाचा असल्याचे समजले, असे मानू. अशा वेळी सेवा mangogarden च्या पुढे दोन-तीन अंक लावून सुचविते. तो मोह टाळावा. अंकाला अर्थ नसतो, म्हणून तो महिन्याभरात विसरला जातो, आणि ज्याने अंक विसरून पत्र पाठविले त्याचे पत्र मूळ mangogarden वाल्याच्या पेटीत जाते. अंकाऐवजी शब्दच बदलावा. mangoteacher हा सांधा स्वच्छ आहे, दोन्ही शब्द कोणत्याही कारकुनाला ठाऊक आहेत, अक्षरे बाराच आहेत, आणि त्यात एका आयुष्याची खूण आहे. हा मोकळा सापडला तर तो घ्यावा. मात्र तो वडिलांना पसंत पडला पाहिजे. एखाद्याला आपल्या नावाऐवजी आंबा चारचौघांत उच्चारणे पोरकट वाटू शकते, आणि ज्या पत्त्याचा संकोच वाटतो तो माणूस पुटपुटत सांगतो. तसे असेल तर river, temple, library असे गंभीर शब्द पुष्कळ आहेत.

अंकांविषयी आणखी थोडे. जन्मवर्ष जोडण्याची पद्धत फार रूढ आहे आणि ती वडिलांच्या लक्षातही राहते. परंतु त्यामुळे जन्मतारखेचा एक भाग पत्ता ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळतो, आणि बँका व विमा कंपन्या दूरध्वनीवर ओळख पटविताना सर्वप्रथम जन्मतारीखच विचारतात. काही जण भ्रमणध्वनीचा क्रमांकच पत्ता म्हणून घेतात. अंकांचे उच्चार परस्परांत कमी मिसळतात आणि स्वतःचा क्रमांक वृद्धांना पाठ असतो, एवढ्यापुरती ही कल्पना वाईट नाही. तिचा दोष असा की, सोडून दिलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, पण पत्त्यात तो कायम राहतो आणि पुढे गोंधळ माजवितो.

टिंब, अधोरेषा आणि जोडरेषा यांचा विचार थोडक्यात करता येतो. त्या टाळाव्यात. पडद्यावर पत्त्याखाली आपोआप रेघ येते, तेव्हा अधोरेषा त्या रेघेत लपते आणि वाचणाऱ्याला ती मोकळी जागा वाटते. जीमेल डाव्या भागातील टिंबे जमेस धरीत नाही, त्यामुळे कारकुनाने mango.teacher असे लिहिले तरी पत्र योग्य पेटीत येते. आउटलुकसारख्या इतर सेवांमध्ये मात्र टिंब असलेला व नसलेला हे दोन निराळे पत्ते आहेत. जीमेलच्या या सवलतीलाही मर्यादा आहे. एखाद्या संकेतस्थळावर टिंबासह नोंदणी झाली असेल, तर प्रवेश करताना तेथे टिंब द्यावे लागते, कारण ते संकेतस्थळ दोन्ही रूपे वेगळी समजते. मोठ्या व छोट्या लिपीचा प्रश्न मात्र व्यवहारात उरलेला नाही. MANGOTEACHER असे लिहिले तरी चालते, आणि हे वडिलांना स्पष्ट सांगावे, कारण अनेक वृद्ध या शंकेने अर्ज पुन्हा लिहितात.

उजव्या भागासाठी जी सेवा बँकेतील कारकुनाच्या हाताला सरावाची असेल तीच पत्करावी. yahoo.com आणि yahoo.co.in यांवरील एकाच नावाच्या पेट्या भिन्न असतात, आणि ऐकणारा ‘डॉट’ ऐकताच पुढचे ‘कॉम’ आपल्या मनाने लिहितो. ज्याचा शेवट .com नाही असा पत्ता म्हणूनच वृद्धांसाठी गैरसोयीचा असतो. घरच्या इंटरनेट-जोडणीबरोबर मिळणारी पेटी टाळावी, कारण जोडणी बदलली की ती जाण्याची शक्यता असते. स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ-नाव विकत घेऊन त्यावर पत्ता करण्याचा सल्लाही काही जाणकार देतात. त्याचे वार्षिक शुल्क एकदा जरी भरावयाचे राहिले, तरी काही काळाने ते नाव दुसरा कोणी विकत घेऊ शकतो, आणि मग वडिलांची सारी पत्रे त्याच्याकडे जातात.

वाचकांच्या मनात असा प्रश्न येईल की, रोमन लिपीमुळेच जर एवढा गोंधळ होतो तर पत्ता देवनागरीत किंवा कन्नडमध्ये का असू नये? तांत्रिक दृष्ट्या तो असू शकतो. असे पत्ते वाहून नेण्याचे मानक 2012 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि देवनागरीतील .भारत हे उच्चस्तरीय नाव 2014 मध्ये सुरू झाले. अडचण अर्जांची आहे. पुष्कळ संकेतस्थळे आजही रोमन अक्षरांवाचूनचा पत्ता ‘अवैध’ ठरवून परत करतात, आणि ज्या पत्त्याचा उपयोग दहापैकी काही ठिकाणीच होतो तो वृद्धांना एकमेव पत्ता म्हणून देता येत नाही.

पत्ता नक्की करण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी, आणि ती मुलाने नव्हे तर वडिलांनी द्यावी. ज्याने तो कधी ऐकलेला नाही अशा दुसऱ्या प्रांतातील नातेवाइकाला त्यांनी दूरध्वनी करावा, पत्ता एकदाच सांगावा, आणि त्याने काय लिहिले ते छायाचित्राने मागवावे. वाचून दाखविण्यावर भिस्त ठेवू नये, कारण वाचनात वर सांगितलेली अक्षरे पुन्हा मिसळतात. त्यानंतर वडिलांनी तो स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावा आणि घरातील दुसऱ्याने तो पाहून टंकित करावा. छोट्या लिपीतील r आणि n शेजारी आले की m दिसतात, l आणि 1 सारखेच दिसतात. नेहमीच्या शब्दांत हे फारसे नडत नाही, पण नडत असेल तर ते येथेच उघड होते. शेवटी दोन-तीन आठवडे थांबून, कागद न पाहता पत्ता आठवतो का ते पाहावे. या काळात तो कोणत्याही कार्यालयात देऊ नये. पत्ता बदलणे एरवी सोपे असते, पण तो पाच ठिकाणी नोंदविल्यावर त्या पाचही ठिकाणी जावे लागते.

नोंदणीच्या वेळी खिडकीशी असतानाच एक चाचणीपत्र पाठविण्याची विनंती करावी आणि ते भ्रमणध्वनीवर आल्याखेरीज जागा सोडू नये. पुष्टीचा दुवा किंवा संकेतांक न येणे ही चुकीची पहिली खूण होय. ‘व्यवस्था मंद आहे, संध्याकाळपर्यंत येईल’ या उत्तरावर समाधान मानू नये. पोचपावतीवर छापलेला पत्ता एकेक अक्षर करून पाहावा. एका जाड कागदावर चौकटी आखून, प्रत्येक चौकटीत एक मोठे अक्षर अशा रीतीने पत्ता लिहून तो पासबुकात ठेवावा. कारकुनाला कागदच दाखविता आला तर उच्चाराची वेळच येत नाही.

वडिलांची जुनी पेटी असेल तर ती लगेच बंद करू नये. तिच्यातील पत्रे नव्या पेटीकडे आपोआप वळविण्याची सोय करून ती किमान एक वर्ष चालू ठेवावी, आणि वर्षभरात जी संस्था अजून जुन्या पत्त्यावर लिहीत असेल तिची नोंद करून तेथे जावे. काही सेवा बराच काळ न वापरलेली नावे मोकळी करतात. याहूने 2013 मध्ये अशी नावे नव्या ग्राहकांना दिली, तेव्हा त्यांतील काहींच्या पेटीत आधीच्या मालकाची खासगी पत्रे येऊ लागली होती. गूगलने 2023 मध्ये जाहीर केलेल्या धोरणानुसार दोन वर्षे न वापरलेले खाते काढून टाकले जाऊ शकते. ज्या वडिलांना केवळ पत्रे येतात पण जे स्वतः पेटी क्वचितच उघडतात, त्यांच्या पेटीत दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी प्रवेश करून यावे, आणि ते कोणी करावे हे घरात आधीच ठरलेले असावे.